बायनापूरला पार्सल जाते काय?

चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळ सोमाजी खोब्रागडेचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान कसलं, पुढे आरसा नि फ्रेमांचा फळा, मागे काच घासायचं यंत्र. माणूस हाताचा पक्का, पण चौकसपणाचा आजार मोठा! रस्त्यात दोन माणसं थांबून बोलताना दिसली की हा तिसरा. कोणाची सायकल पंक्चर झाली तर खिळा कुठे लागला ते पाहायला हा आधी वाकणार. त्याची बायको बायनाबाई म्हणायची, "तुमचं नाक जन्मतःच दुसऱ्याच्या घरात हाय."

तर १९८८ सालची गोष्ट. अहेरीला मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. तेव्हा ऑपरेशननंतर डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागायचा, नाहीतर सगळं जग गढूळ पाण्यातून पाहिल्यासारखं. चष्मे करायचं काम सोमाजीकडे आलं. मापं घ्यायला तो स्वतः गेला होता, आणि तिथं त्याला सोमारी भेटली. रानातल्या गावची गोंड म्हातारी. तिची सून सुकरी तिचा हात धरून होती. सोमाजी नाकाचं माप घ्यायला लागला तर म्हातारीनं त्याचाच चेहरा बोटांनी चाचपला नि गोंडीत काहीतरी बोलली. सुकरी हसून म्हणाली, "म्हणते, नाक मोठं हाय याचं."

सोमाजीला ती म्हातारी तिथल्या तिथं आवडून गेली.

पुढे चष्मे तयार झाले. ओळखीचा एक ट्रकवाला अहेरीकडे निघाला होता, त्याच्या हाती सोमाजीनं डबा दिला. बाकीचे चष्मे नीट पोचले, सोमारीचा तेवढा फुटला. म्हातारी सुनेचा हात धरून रान तुडवत अहेरीला आली, आणि पुढ्यात काय, तर काचेचा चुरा! तिच्या गावात लोक म्हणायला लागले, डोळा कापला नि दिसत तर काहीच नाही. गावातल्या आणखी दोघा म्हाताऱ्यांची ऑपरेशनं ठरली होती, त्यांनी पाय मागे घेतला. शिबिराच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली, तीन आठवड्यांनी बाजारच्या दिवशी मी अहेरीत आहे, सोमारीला बोलावलंय, चष्मा आला पाहिजे. आणि तिच्या नंबरची काच सोमाजीकडे एकच जोडी उरलेली. नवी नागपूरहून मागवायची तर महिना लागणार, म्हणजे तो दिवस हातचा गेलाच.

सोमाजीचं जेवण उडालं. ट्रकवाल्याच्या हाती काच देणारा मूर्ख तो स्वतःच होता.

त्याच सुमारास चंद्रपुरात कुरिअरची दुकानं निघाली होती. एक 'तुफानदूत', काचेचा दरवाजा, पंखा, भिंतीवर उडत्या घोड्याचं चित्र. दुसरं बापूरावाचं, बस स्टँडमागे एका खोलीत, पाटीसुद्धा खडूनं लिहिलेली. कोणाला धरावं? बायनाबाई म्हणाली, "काचेच्या दरवाज्यावाल्याले द्या. त्यायचा दरवाजा तरी अजून फुटला नाई."

पण सोमाजी असा कसा ऐकणार? त्यानं परीक्षा घ्यायची ठरवली. बायनाबाईच्या उन्हाळ्यातल्या कुरडया काढल्या. कुरडई म्हणजे हात लागला की मोडते, तिच्याहून चांगला साक्षीदार कोण? सारखे दोन डबे भरले, एक तुफानदूतकडून, एक बापूरावाकडून, दोन्ही अहेरीच्या मेहुणीकडे. किती मोडल्या ते पाहायचं. आणि बहाद्दर मेहुणीला सांगायचंच विसरला! तिचं पत्र आलं, "भाऊजी, कुरडया लय खमंग होत्या. पोट्ट्याइनं दोन्ही डबे एका दिवसात उडवले. अजून पाठवा."

बायनाबाई हसून हसून भिंतीला टेकली. "झाली तुमची परीक्षा! माया कुरडया गेल्या नं तुमची अक्कलही गेली."

पण इतक्यात गप्प बसेल तो सोमाजी कसला. तो तुफानदूतच्या गल्ल्यावर जाऊन बसला. पोऱ्या मोठा गोड बोलायचा. "कुठी कुठी जाते तुमचं?" सोमाजीनं विचारलं.

"पूर्ण जिल्हा, भाऊ. दोन्ही जिल्हे."

"भामरागड?"

"जाते ना."

सोमाजीचं नाक खाजलं. तो सहज म्हणाला, "आनं बायनापूर?"

"बायनापूर ना? दोन दिवसांत, भाऊ!"

अरे बाप्पा! बायकोच्या नावाचं गाव, पृथ्वीवर कुठे नाही, आणि तिथं याचं पार्सल दोन दिवसांत! सोमाजी हसू दाबून म्हणाला, "तूटफूट किती होते?"

"आजपर्यंत एकबी नाई, भाऊ."

दर विचारला तर पहिला टप्पाच किलोचा. चष्मा छटाकभर असो की पाव किलो, भाडं किलोचंच. डझनावारी माल पाठवायचा असता तर तेच परवडलं असतं, पण इथं एकच चष्मा. तरी त्यानं त्यांना रोज संध्याकाळी दुकानातून पार्सल न्यायला या म्हणून सांगून पाहिलं. पहिल्या दिवशी टोपीवाला माणूस वेळेवर हजर, सोमाजी खूश. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, दुकानं मिटली, टोपी काही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी आला तो वर म्हणतो, "काल काऊन नाई बोलावलं?"

मग सोमाजी बापूरावाकडे वळला. बापूराव सुकलेला, आवाजाचा खरखरीत माणूस. त्याच्या भिंतीवर खडूनं गावं लिहिलेली, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, अहेरी. संपलं.

"बायनापूर जाते काय?" सोमाजीनं विचारलं.

"कोणत्या तालुक्यात हाय? मी तं नावच नाई ऐकलं."

"भामरागड तरी?"

"नाई भाऊ. तिथी माया माणूस नाई. मंग घेऊ कसा?"

सोमाजीला आतून गुदगुल्या झाल्या. पण खरी गंमत पुढेच होती. कोपऱ्यातल्या फळीवर फुटका कंदील, तडकलेली शाईची बाटली, चेपलेला डबा, मधोमध मोडलेली ट्यूबलाइट, असं सगळं मांडून ठेवलेलं.

"हे काय दुकान लावलं?"

"फुटलं ते. फेकत नाई मी," बापूराव म्हणाला. "हा कंदील बसच्या टपावून पडला. बाटली पोत्यात खाली दबली. टपावर ठेवलेलंच जास्त फुटलं. तवापासून काच टपावर नाई. वेगळ्या थैलीत, ड्रायव्हरच्या सीटखाली. माया माणूस दसरू संग जाते, तो पाह्यते."

सोमाजी त्या फळीपाशी इतका वेळ उभा राहिला की बापूरावाचा चहा थंड झाला. एकेक वस्तू उचलून, कशी फुटली, कुठे फुटली, विचारत सुटला. असा ग्राहक त्या बापुड्याला पहिल्यांदाच मिळाला असेल.

घरी बायनाबाई म्हणाली, "ज्यानं कंदील फोडला त्याले चष्मा देता?"

"ज्याले कसा फुटला हे माहीत हाय, त्याले देतो," सोमाजी म्हणाला.

त्या दिवसापासून बापूराव रोज संध्याकाळी स्वतः सायकलवर यायचा. काही असो नसो, दारात घंटी वाजवायची, "हाय काय, भाऊ?" नसलं तर पुढे. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पार्सल होतं. लाकडी पेटीत सावरीचा कापूस ठासून मधे चष्मा. बापूरावानं काटा लावला. त्याचे टप्पे अर्ध्या किलोचे, आणि पेटीचं वजन त्याहून किंचित वर गेलं, म्हणजे भाडं दुसऱ्या टप्प्याचं. सोमाजीनं लगेच कापूस उपसायला हात घातला.

"अगा, काय करता?" बापूराव ओरडला. "कापूस काढसान तं चष्मा पेटीवर आपटन. पेटी काढा ना!"

लाकूड गेलं, जाड पुठ्ठ्याचा डबा आला, कापूस सगळा राहिला आणि काटा अर्ध्या किलोच्या आत बसला. सोमाजीनं कान पकडले. वजन वाचवायच्या नादात तो सोमारीचा चष्मा दुसऱ्यांदा फोडणार होता.

सकाळी सोमाजी कपडे करून निघाला. बायनाबाईनं विचारलं, "कुठी?"

"अहेरीले. त्याच बसनं."

"मंग डबा मांडीवर घेऊन काऊन नाई गेले? कुरिअर कायले?"

"रोज मीच जाऊ काय मांडीवर घेऊन? पुढच्या शिबिराचे चष्मे कोणाच्या हाती द्याचे, हे समजाले नको?"

बायनाबाईनं कपाळाला हात लावला.

बसमध्ये सोमाजी मागे तोंड लपवून बसला. दसरूनं थैली ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवलेली त्यानं पाहिली. गोंडपिपरीच्या पुढे इंजिन खाटखाट करून बंद पडलं. मागून दुसरी बस आली, आधीच भरलेली. लोक धावले. टपावरची पोती धपाधप खाली. दसरू दोन पोती घेऊन गर्दीत घुसला. आणि थैली? थैली तिथंच, रिकाम्या बसमध्ये!

सोमाजी अर्धवट उठला. सांगावं तर परीक्षा संपली, न सांगावं तर सोमारीचे डोळे गेले. कंडक्टरनं घंटी ओढली. चुलीत गेली परीक्षा! सोमाजीनं ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढून दसरूच किंचाळला, "थांबा वो! काच राह्यली माई!" आणि चालत्या बसमधून उडी टाकून धावला.

परत आला तेव्हा त्याची जागा गेली होती. तो थैली छातीशी धरून दाटीत उभा राहिला. सोमाजी कौतुकानं जरा जवळ सरकला, तर दसरू खेकसला, "अंगावर रेलू नका, भाऊ! काच हाय, दिसत नाई काय?"

स्वतःच्याच पार्सलावरून खाल्लेल्या या शिव्या सोमाजीनं पुढे आयुष्यभर लोकांना कौतुकानं सांगितल्या.

अहेरीच्या दवाखान्यात सोमारी बाकावर बसली होती. सुकरी बाजूला. दसरूनं सही घेऊन डबा डॉक्टरांना दिला. कापूस बाजूला झाला, दसरूच्या मागून सोमाजीनं नाक पुढे काढलं. काच अख्खी होती.

डॉक्टरांनी चष्मा सोमारीच्या नाकावर चढवला. तिनं आधी दार पाहिलं, दारातलं ऊन पाहिलं, सोमाजीच्या नाकाकडे बघून खुदकन हसली. मग सुकरीकडे वळली आणि बघतच राहिली. हात उचलून तिनं सुनेच्या कपाळावरून, केसांवरून फिरवला नि हळूच गोंडीत काहीतरी म्हणाली.

सुकरीचे डोळे भरून आले.

"काय म्हणते वो?" चौकस सोमाजीला राहवलं नाही.

सुकरीनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणते, तुये केस कधी पांढरे झाले, पोरी? मले कोणी सांगतलंच नाई."