आई माझी निघाली गं

आग्रे सर चित्रकलेचे. पण माळेवस्तीच्या शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदाच, त्यामुळे उरलेल्या वेळात फलक लिहिणे, गॅदरिंगचे पडदे रंगवणे आणि शाळेचे हस्तलिखित उतरवून काढणे ही सगळी कामे त्यांच्याच गळ्यात पडत. हस्तलिखित म्हणजे शाळेचा वार्षिक अंक. एकच प्रत, जाड कागदाची, सबंध एका हाताने लिहिलेली. तो हात तीन वर्षांपासून आग्रे सरांचा होता. संस्थेने त्यांना चिपळूणकडच्या शाळेतून इकडे आटपाडीच्या बाजूला बदलून टाकले तेव्हा ते पन्नाशीला आले होते, बायको वारलेली, मुलगा पुण्यात. माणूस अबोल, भिडस्त. कुणाला काही विचारायचे त्यांच्या जिवावर येई. अक्षर मात्र मोत्यासारखे.

यंदाचा अंक पहिल्या पावसावर होता. मोहिते बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांनी एप्रिलमध्ये वर्गावर्गातून सांगितले की छोटी कविता द्या, दोन कडव्यांच्या वर नको, एका पानावर बसली पाहिजे. शाळा उघडेल त्या दिवशी प्रकाशन. पोरांनी ढीगभर कागद आणून टाकले. त्यात बेडूक होते, छत्र्या होत्या, नाचणारे मोर होते. या माळावर मोर दिसतो, पण नाचताना कुणी पाहिला असेल तर देव जाणे. सर निमूटपणे एकेक उतरवत गेले, आणि सातवीतल्या मायाक्का कोळेकरच्या कागदाशी येऊन अडकले.

वहीचे फाडलेले पान, त्यावर शिसपेन्सिलीने लिहिले होते:

पाऊस पहिला आला
आई माझी निघाली गं
अजून इथं धुरळा
वाट ओली झाली गं

पाय तिचे चिखलात
माझे पाय फुफाट्यात
आई पुढं पुढं चाले
मागं पाऊस चालत

सरांनी आधी बोटांवर अक्षरे मोजली. अष्टाक्षरी म्हणजे ओळीला आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. पोरीने कुठे शिकल्याशिवाय नेमके ते धरले होते. फक्त 'वाट ओली झाली गं' सातच भरत होती. पुन्हा मोजली, पुन्हा सात. ते एक असो. पण अर्थ? पाऊस आला म्हणते आणि इथे धुरळा म्हणते. वाट ओली म्हणते आणि स्वतःचे पाय फुफाट्यात. आणि आई निघाली. कुठे निघाली? पाऊस आल्यावर माणसे घरात शिरतात, ही घरातून निघाली कशी? सरांचे डोके चक्रावून गेले.

त्यांनी भीत भीत मोहिते बाईंना विचारले. बाई विट्याहून एसटीने येऊन-जाऊन करणाऱ्या, त्या दिवशी निकालपत्रकांत मानेपर्यंत बुडालेल्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिची आई नसते हो. आजीजवळ असते पोरगी. पालकसभेला बघितलंय का कधी आईला?"

सरांनी खरेच कधी बघितले नव्हते. आणि त्यांच्या कानांनी ऐकले ते 'आई नसते' नव्हे, 'आई नाही'. मग 'निघाली' या शब्दाचा अर्थ त्यांना एकदम लागल्यासारखा वाटला. आई निघाली, चिखलातून निघाली, मागून पाऊस. ही अंत्ययात्रा आहे, असे त्यांनी ठरवून टाकले. बायको गेल्यापासून त्यांना सगळीकडे तेच दिसे, त्याला कोण काय करणार. पोरीला बोलावून विचारावे असे एकदा मनात आले, ते वर्गाच्या दारापर्यंत गेलेही. मायाक्का बाकावर पाय हलवत चिंच चोखत होती. आईवेगळ्या लेकराला असे कसे विचारायचे म्हणून सर तसेच परत फिरले.

मग मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी ते पान हाती घेतले. पेन्सिलीने समास आखला, आठ ओळींसाठी फिक्या रेघा ओढल्या, कट निब शाईत बुडवला. हे दुःख साऱ्या शाळेपुढे मांडले तर पोरीला पुढे जड जाईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. आणि पावसाच्या कवितेत आई म्हणजे धरणी असतेच की. तेव्हा त्यांनी 'आई माझी निघाली गं'चे 'धरणी माझी न्हाली गं' केले. 'अजून इथं धुरळा'चे 'सरला सारा धुरळा'. सात अक्षरांच्या ओळीत एक 'ही' घातला, 'वाटही ओली झाली गं'. खालच्या कडव्यात चिखल पोरीच्या पायाला लावला, फुफाट्याच्या जागी अंगणात मुले आणली, आणि आईच्या जागी ढग पुढे पुढे चालवला. सगळ्या ओळी आठांत बसल्या. कडेला त्यांनी एक कौलारू घर आणि एक छत्री काढली. खाली लिहिले, कु. मायाक्का कोळेकर, सातवी. अशी शाई एकदा कागदात मुरली की खोडता येत नाही, ब्लेडने खरवडली तर कागद फाटतो. सरांना खोडायचे कारणही नव्हते. आपण एक चांगले काम केले, या समाधानात ते होते.

जूनच्या मध्याला शाळा उघडली. पावसाचा पत्ता नव्हता, पटांगणात वावटळी फिरत होत्या. प्रकाशनाला गावातली चार माणसे आली. मायाक्का एका बाईचा हात धरून ओढतच तिला घेऊन आली. बाई काळीसावळी, शिडशिडीत, नऊवारी वर खोचलेली. पायांच्या भेगांत तांबडी माती वाळून बसली होती.

"सर, ही माझी आई," मायाक्का म्हणाली. "परवाच आली."

सर बघतच राहिले. ज्या बाईला ते मनातल्या मनात पोचवून आले होते ती समोर उभी राहून त्यांना नमस्कार करत होती. त्यांनी हात जोडले की नाही हेही त्यांना कळले नाही. कुठून आल्या, असे काहीसे ते पुटपुटले.

"कोकनातनं, मेंढरं घिऊन," बाई म्हणाली. "दिवाळीमागनं तिकडंच हुतो. फोनवर म्हनली, आये, तुझ्यावर कविता केलीया, पुस्तकात येनार हाय, तू ये. म्हनून दोन मुक्काम कमी करून आलो."

तेवढ्यात मोहिते बाईंनी हाका मारायला सुरुवात केली. प्रत्येक कवीने आपले पान उघडून वाचायचे होते. मायाक्काची पाळी आली. तिने पान उघडले, 'पाऊस पहिला आला' म्हणाली आणि थांबली. खालच्या ओळीवर तिचे बोट फिरत राहिले. आपलेच नाव आहे ना म्हणून तिने पानाच्या तळाशी बघितले. मग बाईंनी खुणावल्यावर तिने कसेबसे वाचून टाकले, धरणी, अंगण, ढग, सगळे. टाळ्या पडल्या. सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

कार्यक्रम संपल्यावर मायाक्काची आई तिला विचारत होती ते त्यांनी ऐकले.

"ग्वाड हाय कविता. पर ह्यात मी कुठं हाय गं?"

अंक छातीशी धरून मायाक्का सरांकडे बघत होती. रडत नव्हती, आणि तेच सरांना जास्त लागले. आता गप्प बसणे म्हणजे पोरीला आईसमोर खोटे पाडणे होते. ते पुढे गेले.

"कोळेकरताई, तिनं तुमच्यावरच लिहिली होती," ते म्हणाले. "मी बदलली. मला वाटलं... माझी समजूत चुकली."

काय वाटले ते सांगायला त्यांची जीभ रेटेना. मूळ कागद त्यांनी कधीच टाकून दिला होता, पण इतक्या वेळा अक्षरे मोजली होती की कविता पाठ झाली होती. तिथेच उभे राहून त्यांनी ती म्हटली. सात अक्षरांची ओळ आली तेव्हा त्यात 'ही' न घालता सातच म्हटली.

बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "निघाली म्हंजे निघावंच लागतं," ती म्हणाली. "तिकडं पयला पाऊस पडला की कोकनात ऱ्हाता येतंय व्हय? मेंढरांचे खूर सडत्यात. घाट चढून वर यायचं, पाऊस पाठी लागल्यालाच असतो. हिकडं तवर धुरळाच. हिला म्हाईत हाय, पेपरात कोकनात पाऊस म्हनून आलं की ही दिवस मोजती."

सर खाली बसले. तिथल्याच बाकावर. लहानपणी कोकणातल्या त्यांच्या गावी दरवर्षी घाटावरचे धनगर भातशेतात मेंढरे बसवत. लेंडीखत मिळायचे, बदल्यात भात द्यायचा. आणि पहिली सर कोसळली की सकाळी शेत रिकामे असायचे. 'निघाले धनगर' असे घरात म्हणत. ते जाताना पाहिले होते, पण ते कुठेतरी पोचत असतील, तिथे कुणी त्यांची वाट बघत असेल, हे बावन्न वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आले नव्हते. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

इकडे बाईने ती ओळ पुन्हा पोरीकडून म्हणवून घेतली आणि जात्यावरच्या ओवीसारखी गुणगुणून बघितली. 'वाट'वर तिने सूर लांबवला, एक अख्खी मात्रा त्यात सामावली, आणि ओळीला काही कमी आहे असे वाटलेच नाही. सरांचे बोट मोजता मोजता थांबले.

"मी पान नवं करतो," ते म्हणाले. "जुनं काढून दुसरं चिकटवता येईल. आज संध्याकाळपर्यंत."

"नको," मायाक्का म्हणाली. "तुम्ही मला विचारायचं होतं, सर."

"हो. विचारायचं होतं."

"आता मी लिहिते."

सरांनी तिला चित्रकलेच्या खोलीत नेले. नवा कागद काढला, समास आखला, फिक्या रेघा ओढल्या आणि कट निब तिच्या हातात दिला. निब तिरका कसा धरायचा ते सांगितले. तिचे अक्षर गिचमिड होते, पहिल्याच ओळीत 'पाऊस'च्या ऊवर शाईचा गोळा पडला. आई दारातल्या उंबऱ्यावर बसून पायाची माती नखाने काढत होती. पोरगी दुसऱ्या ओळीवर आली आणि 'निघाली' लिहायच्या आधी थांबली.

"सर, नि पहिली का दुसरी?"

सरांना ते पक्के ठाऊक होते. पण आधी त्यांनी दाराकडे बघितले, मग पोरीकडे, आणि म्हणाले, "पहिली. कडेला चित्र काय काढू, ते तू सांग."