फवारणी पंप आणि माझा अर्ज

जुन्या जालन्यात टायपिंगचं एक दुकान होतं. आसपासचे बहुतेक नवे पदवीधर तिथेच कर्तबगार होत. दुकानाच्या संगणकात नोकरीचा एकच इंग्रजी अर्ज साठवलेला. मालक त्यात नाव आणि कंपनी बदलायचा की झालं काम. 'मी कष्टाळू, प्रामाणिक व वक्तशीर असून आपल्या नामांकित संस्थेच्या उत्कर्षासाठी...' आमच्या वर्गातले एक महाशय दुपार झाल्याशिवाय कधी कॉलेजात उगवले नव्हते. त्या कागदावर तेही वक्तशीर होते.

मी तेव्हा नुकतीच इंजिनिअर झाले होते. एमआयडीसीतल्या फवारणी पंपांच्या कारखान्याला एक शिकाऊ सप्लाय चेन प्लॅनर हवा होता. हंगामात किती पंप खपतील याचा अंदाज बांधायचा, आणि टाक्या, नळ्या, नोझल यायला किती दिवस लागतात ते धरून त्यांची मागणी आधीच नोंदवायची, असं ते काम. मला ती नोकरी मनापासून हवी होती. नाहीतर टेंभुर्णीला मामांच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर बसायचं होतं, आणि घरच्यांना ती सोय फारच पसंत होती.

तो छापील अर्ज वाचूनच माझं डोकं फिरायचं. मी माझा अर्ज स्वतः लिहिला. मामांच्या दुकानात दर हंगामाला एकच तमाशा चाले. कापसावर फवारणी सुरू झाली की पंपांचा तुटवडा पडायचा, आणि कारखाना प्रत्येक दुकानदाराला मागणीच्या निम्मा माल पाठवायचा. दुकानदार काय दूधखुळे होते? सगळेच दुप्पट मागायचे. एका वर्षी कारखान्यानं खरंच तेवढे पंप बनवले. दुकानदारांनी गरजेपुरते घेतले, उरलेली ऑर्डर रद्द केली आणि कारखान्याचं गोदाम पंपांनी तुंबलं.

अर्जात मी लिहिलं, 'आपल्याकडे येणारी ऑर्डर म्हणजे खरी मागणी नव्हे. दुकानात दर आठवड्याला किती पंप विकले जातात ते विचारा आणि त्यावर अंदाज बांधा. माल कमी पडला तर तो ऑर्डरच्या नव्हे, गेल्या हंगामातल्या विक्रीच्या प्रमाणात वाटा. मग दुप्पट मागण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही. हे मी टेंभुर्णीला माझ्या मामांच्या दुकानात पाहिलं आहे.'

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. समोर विक्री विभागाचे साहेब बसले होते, भर उन्हाळ्यात टाय लावून. त्यांनी माझ्या अर्जातल्या एकाच ओळीखाली रेघ मारली होती. ती शेवटची ओळ होती.

"टेंभुर्णीत आमचा एकच डीलर आहे. तेच का तुमचे मामा?"

"हो सर."

"त्यांना खरे पंप लागतात किती?"

"सर, एकट्या त्यांचा आकडा घेऊन काय होणार? वाटायची पद्धत बदलली तर सगळेच खरं सांगतील."

"पद्धतीचं आम्ही पाहू. तुम्ही आकडा सांगा, तुमच्या नोकरीचं आत्ता बघू."

"तो मामांना विचारा," मी म्हणाले. साहेबांनी मोठ्या दुःखानं मान हलवली. "प्लॅनरला माहिती काढता आली पाहिजे," असा उपदेश करून त्यांनी मला वाटेला लावलं. नोकरी आमच्या वक्तशीर महाशयांना मिळाली.

माझा अर्ज मात्र वाया गेला नाही. कारखान्यानं त्यातलं अर्धंच उचललं. दुकानदार दुप्पट मागतात ना, मग प्रत्येकाची ऑर्डर आधीच निम्मी धरली आणि तेवढ्याच पंपांचे सुटे भाग मागवले. हंगामात नोझल कमी पडले, तेव्हा सवयीनं पुन्हा निम्मा माल पाठवला. मामांना मागितल्याच्या चौथाई पंप मिळाले. गिऱ्हाईक दुकानासमोर शिव्या घालत उभं, आणि मी काउंटरवर. न राहवून मी मामांना अर्जाचं सगळं सांगितलं.

"अगं माय, नोकरी मागाय गेल्तीस का माझी चुगली कराय?"

"मामा, मी त्याच्यावरचा इलाजही लिहिला होता."

"इलाज कोन वाचून राह्यलंय तिथं? त्येंला आपली लबाडी तेवढी दिसली."

मला रडू आलं. मामांवर मी चिडले नव्हते, ते खरंच बोलत होते. राग होता तो त्या टायवाल्याचा, ज्याला माझं शहाणपण फुकट मिळालं आणि तेही धड वापरता आलं नाही.

पुढच्या हंगामाआधी कारखान्याचा ऑर्डर फॉर्म आला. मामांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"लिही. किती लिहाचं?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? इंजिनिअर तू हाईस न्हाई का?"

मी मागच्या हंगामातली विक्री पाहिली, कारखाना किती वेळा निम्मं करणार ते धरलं आणि गरजेच्या चौपट आकडा लिहिला. "बराबर," मामा म्हणाले. त्या कारखान्यासाठी मी नियोजनाचं काम केलं ते तेवढंच.