लिहून दिलेला नकार

त्या हॉस्पिटलनं मला घेतलं ते माझ्या पदवीसाठी नव्हे, माझ्या जिभेसाठी. गुजरातेत, पांडेसऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत माझा लहानसा दवाखाना होता. येणारे बहुतेक कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधले कामगार, धुळ्या-नंदुरबारकडचे. माझ्या माहेरी अहिराणीच बोलायचे, त्यामुळे मी त्यांच्याशी तशीच बोलायची. सुपरवायझरसमोर गुजरातीत नुसती मान हलवणारी ही माणसं माझ्यापुढे बसली की सासूच्या भांडणापासून पोटातल्या गॅसपर्यंत सगळं सांगायची. आणि शेवटी एकच, "ताई, तू सांगशी ते खरं." हॉस्पिटलवाल्यांनी हे बरोबर हेरलं. मला नोकरी दिली, दवाखाना बंद करायला लावला आणि मोठ्या रस्त्यावर माझा हसरा फोटो टांगून खाली मराठीत लिहिलं, ‘आता तुमच्या भाषेत उपचार’. नवरा म्हणाला, "साडीच्या दुकानाची जाहिरात वाटते." मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. पण त्याचं बरोबर होतं.

दर महिन्याला आमची बैठक व्हायची. भिंतीवर पडदा, पडद्यावर प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे रंगीत चौकोन. बाहेरून आलेल्या पेशंटपैकी किती जणांना दाखल केलं, एका पेशंटमागे तपासण्या किती लिहिल्या, स्कॅनला किती पाठवले. टार्गेट गाठलं की हिरवा, जवळ आलं की पिवळा. माझा कायम लाल. आमचे प्रशासक वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला अतिशय गोड. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. पुदिन्याचा चहा माझ्यापुढे सरकवत म्हणायचे, "बेन, तुमचा पेशंट तुम्हाला कधीच नाही म्हणत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना समजावून समजावून घाम फुटतो. आणि तुम्ही लिहितच नाही!" बाकीचे डॉक्टर चहाच्या कपात बघत बसायचे. एकानं नंतर जिन्यात मला शहाणपण शिकवलं, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करता?" मी म्हटलं, "मासे कोण आणि पाणी कोण, ते तरी सांगा." तो हसला आणि लिफ्टनं गेला.

नुसतं बोलण्यावर भागलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये सोय केली. ‘छातीत दुखणे’ यावर एकदा बोट ठेवलं की ईसीजी आणि हृदयाच्या रक्ततपासणीसोबत थायरॉइड, व्हिटॅमिन, सोनोग्राफी, इको आणि शेवटी हृदयाच्या नळ्यांचा सीटी स्कॅन, सगळ्यांपुढे आपोआप खुणा. नको असेल ती खूण डॉक्टरनं एकेक काढायची आणि प्रत्येकीचं कारण टाइप करायचं. लिहिण्याला कारण नको, न लिहिण्याला हवं! गर्दीत ज्युनिअर डॉक्टर माझ्याच लॉगिननं ऑर्डर टाकायचे, खुणा तशाच राहायच्या, आणि खाली सही माझी उमटायची. एका बाईच्या हातात मी न लिहिलेल्या तपासण्यांचा गठ्ठा दिसला. "ताई, तुन्हं नाव शे ना, म्हनीसन करी लिधं," ती म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन मी पत्र लिहायला बसले.

पत्र ऑफिसच्या इंग्रजीत होतं, पण मजकूर साधा होता. ‘पेशंटला तपासल्यावर ज्या तपासणीनं माझा निर्णय बदलू शकतो, तेवढीच मी लिहीन. महिन्याचं टार्गेट हे तपासणी लिहिण्याचं कारण असू शकत नाही. तरुण माणसाची बरगडी दाबल्यावर तेच दुखणं उठत असेल, ईसीजी आणि रक्त ठीक असेल, तर त्याच्या शिरेत औषध सोडून, किरणांखाली घालून सीटी काढायला मी नकार देत आहे. आपोआप पडणाऱ्या खुणा माझ्या लॉगिनमधून काढाव्यात. मी स्वतः लिहिली नाही अशी कोणतीही तपासणी माझ्या नावावर जाऊ नये.’ एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना दिली आणि माझ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मारून घेतला. शिक्का मारणाऱ्या बाईनं पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का दुसऱ्यांदा मारला, जरा जोरात.

नवऱ्यानं विचारलं, "कामावरून काढतील का?" मी म्हटलं, "काढू देत." पण मनातून मी टरकले होते. करारात होतं, तीन महिने आधी नोटीस आणि सोडल्यावर आसपासच्या भागात दोन वर्षं दवाखाना टाकायचा नाही. वकील असलेला माझा दीर म्हणाला, "वहिनी, हे कलम कोर्टात टिकायचं नाही. पण कोर्टात जाईपर्यंत तुम्ही टिकाल का?" माझा जुना गाळा केव्हाच मोबाइलवाल्याकडे गेलेला. सोडायचं म्हणजे माझ्या माणसांनाच सोडायचं. ती माणसं तर तिथेच येत राहणार होती, माझा फोटो बघून.

प्रशासकांनी काढलं नाही. उलट उठून उभे राहिले, खुर्ची दिली. "बेन, तुमची भावना मी समजतो. तुमचं सगळं मान्य." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. छातीत दुखणारे पेशंट यापुढे आधी दुसरे डॉक्टर बघतील, तपासण्या कमिटीनं ठरवलेल्या नियमाप्रमाणे होतील, माझं लॉगिन कुणी वापरणार नाही. "तुमची सही कुठेच नाही. तुम्ही फक्त त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं. नाही म्हणालात तर ती माणसं घाबरतील, बिचारी." जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. बाहेर आल्यावर मला उमगलं. सही मी सोडवून घेतली होती, पण त्यांना ती नकोच होती. त्यांना जीभ हवी होती, आणि तिच्याबद्दल पत्रात मी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मला खाली बोलावलं. खाटेवर एक तरुण पडलेला, नखांत निळा रंग बसलेला. मिलमध्ये ओल्या कापडाच्या ट्रॉल्या ओढायचं काम. आदल्या दिवसापासून छातीत दुखत होतं. पायथ्याशी बायको, कडेवर लेकरू. ज्युनिअर डॉक्टरनं सीटीच्या संमतीचा कागद माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्याशिवाय ती अंगठा द्यायला तयार नाही." मागे प्रशासक उभे होते, हात बांधून, नम्रपणे.

मी कागद बाजूला ठेवला. "कथं दुखस, भाऊ?" त्यानं डाव्या बरगडीवर बोट ठेवलं. मी तिथेच दाबलं, तो "आई वं!" करून ओरडला. हात वर करायला लावला, पुन्हा ओरडला. ईसीजी बघितला, चांगला. रक्ताचा रिपोर्ट बघितला, तोही चांगला, आणि दुखणं कालचं, म्हणजे हृदयाचं असतं तर एव्हाना रक्तात दिसलं असतं. ना साखर, ना बिडी, ना घरात कुणाला हृदयाचा त्रास. स्नायू ताणला होता, बाकी काही नाही. मला इतकं हलकं वाटलं! हीच तर वेळ होती. प्रशासकांच्या देखत मी त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या भाषेत सांगितलं, "हाई तपासनी नको. काही करानं नही. घर लई जाय याले."

ती लेकरासकट खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

अगं बाई! माझ्या लक्षात आलं, पण उशिरा. आमच्याकडे डॉक्टर ‘घरी घेऊन जा’ कधी म्हणतो? माणूस हातचा गेला की. माझ्या आजोबांच्या वेळी तालुक्याच्या डॉक्टरनं हेच शब्द वापरले होते आणि आम्ही त्यांना बैलगाडीतून घरी आणलं होतं. मी, याच भाषेत वाढलेली, तेच बोलून बसले होते. "तसं नही वं बाई, तो चांगला शे! काही व्हयेल नही त्याले!" मी तिचे हात धरले, बरगडी दाखवली, ईसीजी दाखवला. ती माझं काही ऐकेना. माझ्या पदराला धरून म्हणाली, "ताई, आम्ही गरीब म्हनीसन नको म्हनस का? मुकादम पैसा दी, तू मशीनमा घाल त्याले!" नवराही उठून बसला होता आणि घामानं भिजला होता. आता त्याच्याही छातीत खरंच धडधडत होतं.

प्रशासक पुढे आले. अगदी मऊ आवाजात मला म्हणाले, "बेन, आता तर त्या स्वतःच मागतायत." आणि कागद पुन्हा माझ्या हातात दिला.

मी बराच वेळ झगडले. नकोची दहा कारणं सांगितली, आणि प्रत्येक ‘नको’नं ती जास्त घाबरत गेली. शेवटी तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि अंगठा उमटवला. मी तिथेच उभी होते. सगळे अहवाल चांगले आले, येणारच होते. संध्याकाळी ती हसत आली आणि माझ्या पाया पडली. "ताई, तुन्हामुळे वाचना तो." मी तिला उठवलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला ते जमलं नाही. मुकादमाची उचल फेडायला नवरा आता दोन पाळ्या करेल, म्हणजे त्याच ट्रॉल्या, तीच बरगडी, हे तिनंच मला मोठ्या हौसेनं सांगितलं.

महिनाअखेरीच्या बैठकीत माझ्या नावापुढे हिरवा चौकोन होता. मी म्हटलं, "मी काहीच लिहिलेलं नाही, हे चुकलंय." प्रशासक म्हणाले, समुपदेशनाचा नवा रकाना केलाय, ज्यांनी समजावलं त्यांच्या नावावर तपासणी जाते. मी त्यांना पत्राची आठवण करून दिली. ते म्हणाले, "बेन, पत्रात तुम्ही लिहिण्याबद्दल म्हटलं होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिन्यातला तो शहाणाही वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनबाहेर त्या ट्रॉलीवाल्या तरुणाच्याच चाळीतले लोक रांगेत बसलेले. डबे घेऊन, धुतलेले शर्ट घालून, पाळी बुडवून आलेले. पहिला आत आला, पन्नाशीचा, हात जोडून उभा. मी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि विचारलं, "कथं दुखस, दादा?"

"दुखस नही, ताई," तो म्हणाला. "पन तू सांगं ना त्यास्ले, माले बी त्या मशीनमा घाला."