पहिला शब्द म्हैस

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकते. फोनवर कुणी 'काय चाललंय, जेवण झालं का' असं सुरू केलं की माझं डोकं फिरतं. कामाचं बोला आणि ठेवा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईला हा स्वभाव शोभतो, असंही मला बरीच वर्षं वाटत होतं.

राजारामपुरीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एकदा एका दूध संघाचे जनावरांचे डॉक्टर आले. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. "मॅडम, माझा हात गाईच्या पोटात असतोय आणि खिशात फोन कोकलत असतोय. घेऊ कसा? कायतरी करा की." संघाच्या बऱ्याच सभासदांकडं बटणांचे फोन, त्यामुळं व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग नव्हता. साधा मेसेज यावा, तो आपोआप यादीत चढावा आणि ज्या डॉक्टरची पाळी असेल त्याच्या मोबाइलवर घंटी वाजावी, एवढंच त्यांना हवं होतं. मला माणूस आवडला.

मी एका कंपनीकडून व्हर्च्युअल नंबर घेतला. या नंबरामागं सिमकार्डही नसतं आणि फोनही नसतो. कुणी त्यावर मेसेज केला की तो कंपनीच्या यंत्रणेत पोचतो, आणि कंपनी लगेच आमच्या सर्व्हरच्या पत्त्यावर तो ढकलते: पाठवणाऱ्याचा नंबर, मजकूर, वेळ आणि त्या मेसेजचा स्वतंत्र क्रमांक. माझा प्रोग्रॅम आधी तो जपून ठेवायचा आणि कंपनीला 'पोचलं' असा जबाब द्यायचा. जबाब मिळाला नाही तर कंपनी तोच मेसेज पुन्हा पाठवते, म्हणून क्रमांक बघून दुबार आलेला बाजूला काढायचीही सोय केली होती. एवढं झालं की मेसेज दुसऱ्या प्रोग्रॅमकडं जायचा. तो मजकूर वाचायचा. पहिला शब्द गाय किंवा म्हैस, दुसरा संघानं त्या गावाला दिलेला नंबर. जुळलं तर डॉक्टरांची घंटी. नाही जुळलं तर 'नाकारलेले' नावाच्या तक्त्यात.

म्हैस हा शब्द लोक किती तऱ्हांनी लिहितील याचा मी दोन दिवस विचार केला होता. म्हैस, म्हस, म्हेस, म्हशी, सगळं चालत होतं. याचा मला फार अभिमान होता. ऑफिसात बसून डॉक्टरांनी आणि मी पंचवीसेक मेसेज करून बघितले. एकही चुकला नाही. चुकणार कसा? समोर यंत्र आहे हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मेसेज करणाऱ्याला 'मेसेज मिळाला' असं उत्तर जायला हवं होतं, पण अशा उत्तराचा मजकूर मोबाइल कंपन्यांकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि ती मंजुरी अडकली होती. नंतर जोडू, म्हणून आम्ही नंबर सुरू करून टाकला. संघानं गावोगाव कार्डं वाटली. वर 'आता फोन करू नका, मेसेज करा', खाली बारीक अक्षरांत मेसेजचा नमुना. डॉक्टरांचा जुना नंबर बंद झाला.

दोन महिन्यांनी एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मुरगूडजवळच्या एका वस्तीवरून बोलत होते. "तुमचं यंत्र झोपलंय काय मॅडम? हितं एका बाईची म्हस सकाळधरनं अडलीया. शेजारी गाडीवरनं मला शोधत आला म्हणून मी हितं हाय. रेडकू गेलं. म्हस वाचंल का, सांगता येत न्हाय."

मी कंपनीचं पान उघडलं. त्या दिवशी आलेले सगळे मेसेज हिरवे. प्रत्येकासमोर आमच्या सर्व्हरचा 'पोचलं' हा जबाब, म्हणजे वाटेत एकही हरवला नव्हता. मग मी जे बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणाले, "तिनं मेसेज केलाच नसेल, डॉक्टर. लोक नंतर काहीही सांगतात."

मग डॉक्टर म्हणाले, "तिचा फोन माझ्या हातात हाय. चार मेसेज हायत."

मी पहिल्यांदाच 'नाकारलेले' उघडलं. दोन महिन्यांत एकदाही उघडलं नव्हतं. आत अख्खा मुलूख हात जोडून उभा होता. राम राम. जय भीम. जय जिनेंद्र. सलाम डॉक्टरसाहेब. नमस्कार, बरे आहात का. दारात जाऊन एकदम काम सांगायची आपल्याकडं रीत नाही, आणि माझा प्रोग्रॅम पहिल्या शब्दालाच दार लावून घेत होता. काहींनी कार्ड बघून पुन्हा बरोबर लिहिलं असावं, काहींनी नाद सोडला असावा. त्यांच्या जनावरांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

त्या बाईचे चारही मेसेज तिथं होते. पहिला: 'राम राम डॉक्टर साहेब, म्हस अडलीया, या.' वीस मिनिटांनी: 'राम राम साहेब, तुमाला तरास देतीया, म्हस अडलीया.' तिसरा: 'साहेब रागावला काय, काय चुकलं असल तर सांगा, पाया पडते, म्हस लई तरास करतीया.' चौथ्यात म्हशीचं नावच नव्हतं. 'साहेब माफी करा.' एवढंच.

उत्तर येत नाही म्हणून ती प्रत्येक वेळी आणखी नम्र होत गेली होती. आणि जितकी नम्र, तितकी म्हैस मागं.

म्हैस वाचली. दोन दिवसांनी मी एसटीनं त्या वस्तीवर गेले. डॉक्टर म्हणाले होते, कशाला जाताय, दुरुस्त करा आणि विसरा. दुरुस्त तर त्याच दुपारी केलं होतं: म्हैस मेसेजात कुठंही असली तरी चालेल, आणि ज्याचा अर्थ लागणार नाही असा मेसेजही थेट डॉक्टरांकडं जाईल, माणूस वाचेल. पण विसरायचं जमेना.

पन्नाशीची बाई. तिनं चहा टाकला, मग घरचं सगळं विचारलं, प्रवास कसा झाला ते विचारलं. मी पहिल्यांदाच न वैतागता सगळ्याची उत्तरं दिली. मग सांगितलं, तो नंबर यंत्राचा आहे, यंत्राला पहिला शब्द म्हैसच लागत होता, आणि तसं मी लिहिलं होतं.

"म्हंजी राम राम घालायचा न्हाय?" तिनं विचारलं. "बरं की. शिकते आता."

"तुम्ही काही शिकायचं नाही मावशी," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. "व्हय?" ती म्हणाली. "मी दोन दिस ह्योच इचार करत हुते. सायबास्नी आपण आसं काय वावगं लिवलं, की त्यास्नी रेडकाची दया आली न्हाय."