तीर्थरूप

आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. सकाळी सूनबाईचा मोबाईलवर निरोप आला, ‘तीर्थस्वरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.’ तो पहिला शब्द वाचला आणि मी साठ वर्षं मागे, पोलादपूरच्या आमच्या ओटीवर जाऊन बसले.

अक्षय्य तृतीया होती. सासू-सासऱ्यांचं लग्न त्याच दिवशी झालेलं, पण ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेवढ्यात मुंबईच्या धाकट्या जावेचं कार्ड आलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं, म्हणून हाताचं शेण धुऊन मीच वाचायला बसले. ‘तीर्थरूप मामंजी व सासूबाई यांस लग्नाच्या वाढदिवशी साष्टांग नमस्कार.’ सासूबाईंचा चेहरा असा फुलला, की माझा नुसता जळफळाट झाला. इथं राबायचं मी, आणि कौतुक त्या कार्डाचं!

“चुकलीय ती,” मी म्हटलं. “तीर्थरूप फक्त जन्मदात्या आईबापांना लिहितात. सासू-सासऱ्यांना तीर्थस्वरूप.”

सासूबाईंनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदरानं पुसलं. “म्हंजे आमाला तिनं आईबाप मानलान. यात चूक कसली गो?”

सूनबाईचा निरोप मी पुन्हा वाचला. एका अक्षराची चूक नाही. पत्राचा मायना तिला मीच शिकवलाय.