सहावी तपासणी

आरोग्य केंद्राच्या सिस्टरनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मी तिसरीच्या पोरांकडून तेराचा पाढा म्हणवून घेत होते. कागद सायक्लोस्टाइल केलेला, शाई फुटलेली. "बाई, बुधवारी आपल्या शाळेच्या ओट्यावर शिबिर आहे. कोतवालांना वाचून दाखवा, दवंडी द्यायला सांगा. सहा तपासण्या आहेत, एकही सुटायला नको," असं म्हणून त्या सायकल काढून पुढच्या गावाला गेल्या.

मी कागद वाचत गेले. रक्तदाब. डोळे. गरोदर बायांची तपासणी. लहान मुलांचं लसीकरण. तीन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी. सहाव्या ओळीवर मी थांबले. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर जरूर दाखवावा.

असा चट्टा माझ्या डाव्या दंडावर होता. पोलक्याच्या बाहीखाली, रुपयाच्या नाण्याएवढा. आधी मला ते साधं शिबं वाटलं, म्हणून चार दिवस लिंबू चोळलं. मग एकदा भाकरी शेकताना चुलीतलं जळतं लाकूड दंडाला नेमकं तिथेच लागलं आणि मला कळलंच नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी न्हाताना, फोड फुटून पाणी आलं तेव्हा. हा रोग कोणता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याच वर्गाच्या भिंतीवर त्याचा तक्ता होता आणि मी तो छडीने दाखवून पोरांना शिकवत असे की हा रोग औषधाने बरा होतो, भिऊ नये. शिकवायला काय जातं?

आमच्या घरी तीनच माणसं. मालक धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपात, शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. उरले आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. लग्नाला दोन वर्षं झालेली, कूस उजवली नव्हती, तेवढ्यावरूनच भाऊबंदांच्या बाया कान टवकारून बसलेल्या. त्यात महारोग म्हटल्यावर मला कुणी उंबऱ्याच्या आत ठेवलं नसतं. माहेरी भाऊ-भावजयीच्या संसारात परत जायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. नोकरीचं काय झालं असतं, कोणी आपलं पोर माझ्या वर्गात बसवलं असतं, याचा विचार सुरू झाला की मला घाम फुटायचा. तीन महिने मी लांब बाहीची पोलकी शिवून घालत होते आणि कुणी हात धरला तरी दचकत होते.

शाळा सुटल्यावर कोतवाल आले. त्यांना मी नाना म्हणायची. अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेलं ते विसरत नसत. मी एकेक गोष्ट वाचायची आणि ते उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटाचं एकेक पेर दाबायचे. तेवढी पेरं गावात मोजून सांगायची, अशी त्यांची रीत. तलाठी, पतपेढी, पाण्याची पाळी, सगळं गाव त्यांच्या पेरांवर चाललं होतं.

मी वाचलं. पाच पेरं झाली. सहावी ओळ मी गाळली आणि सरळ खालच्या सूचनांवर उतरले. कोणाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं झालं तर डॉक्टर शिक्का मारून चिठ्ठी देतील. ती चिठ्ठी जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर दाखवायची, म्हणजे पैसे पडणार नाहीत आणि कोणत्या खोलीत जायचं ते तिथेच सांगतील. चिठ्ठी हरवू नये. येताना रेशनकार्ड आणावं, ते फक्त नावपत्ता लिहायला. जुने कागद आणावेत. चालू असलेली औषधं बाटलीसकट आणावीत. म्हाताऱ्या माणसांसोबत घरचं कुणी यावं. शेवटची ओळ मी माझ्या पदरची घातली, हे नसबंदीचं शिबिर नाही. रेशनकार्डाचं नाव काढलं की गावातले पुरुष शेतात पळायचे, हे मला ठाऊक होतं. असलं शहाणपण मला सुचत होतं, बघा.

नाना अंगठा पेरावर ठेवून बसले होते. "बाई, पाचच तपासण्या का? सिस्टर माले रस्तामा भेटनी व्हती. तिनी सहा सांगं."

"पाचच आहेत नाना," मी म्हटलं. कागदाची घडी घालून मी तो पर्समध्ये टाकला. आयुष्यात इतकं चोख खोटं मी आधी कधी बोलले नव्हते.

"मंग पाचच सांगस," म्हणाले आणि डफ काखेत मारून गेले. दिवेलागणीला "आयका होऽ" ऐकू आलं. मी भाकरी थापत होते. सासूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. पाचव्या तपासणीनंतर नाना जरा थांबल्यासारखे वाटले आणि माझा हात परातीतच राहिला. मग ते चिठ्ठीवर गेले. माझा जीव भांड्यात पडला, पण बुधवारपर्यंत मला धड झोप लागली नाही.

बुधवारी ओटा भरून गेला. एक म्हातारी घरातल्या झाडून सगळ्या बाटल्या पिशवीत घेऊन आलेली, त्यात रॉकेलचीही होती. पुरुष आधी नानांना विचारून घेत होते, "ऑपरेशन नही शे ना?" डॉक्टर रक्तदाब बघत होते, सिस्टर गरोदर बायांच्या मागे. मी एका कोपऱ्यात नावं लिहायला बसले होते. माझ्या वर्गात, त्या तक्त्याखाली, कुष्ठरोगाच्या कामावरचा एक तरुण कर्मचारी टेबल मांडून बसला होता. त्याच्यासमोर कापूस, पेन, औषधाची पाकिटं. त्याच्याकडे एकही माणूस गेलं नाही.

अकरा वाजता तो बाहेर आला. "साहेब, दीड हजार वस्तीत एकालाही चट्टा नाही, असं होत नाही. दवंडी नीट दिली का?"

डॉक्टरांनी नानांना बोलावलं. "काय सांगितलंत ते म्हणून दाखवा."

नानांनी पेर धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणायला लागले. एक, दोन, तीन. माझ्या हातातलं पेन कागदावर टेकून शाईचा डाग पसरत चालला होता. पाच झाल्यावर ते थांबले.

"आणि चट्ट्यांचं? कागदात होतं ते. कोणी वाचून दाखवलं तुम्हाला?"

आता संपलं, असं मला वाटलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. नानांनीही पाहिलं, अगदी क्षणभर. माझा उजवा हात नकळत डाव्या दंडावर गेला होता. तो मी खाली घेतला, पण त्यांनी बघायचं ते बघितलं होतं.

"बाईनी बराबर वाची दखाडं व्हतं साहेब," ते म्हणाले. "मीच भुली गऊ. वय व्हई गयं."

ओट्यावरची माणसं हसली. ज्या माणसाची आठवण म्हणजे गावाचं दप्तर, तो भुलला म्हटल्यावर हसणारच. एक पोरगा तर म्हणाला, "नानाना डफ आते दुसराले द्या." मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी माठाकडे गेले. ते मागून आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मनी मोठी बहीण व्हती. तिनी असंच लपाडं. मंग खळामा झोपडी बांधी दिन्ही तिले. भाकर लांबथून ठेवाना मी. तवय औषध नव्हतं. आते शे." आणि डफ उचलून सहावी तपासणी सांगायला गावात गेले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी माझ्याच वर्गात परक्या बाईसारखी शिरले. त्या तरुण कर्मचाऱ्याने सिस्टरना बोलावून घेतलं, दार लोटलं. मी बाही वर केली. त्याने आधी कोपराजवळची शीर चाचपली, करंगळी आवळून धरायला लावली, दोन्ही हात-पाय पाहिले. मग म्हणाला, "डोळे मिटा. कापूस लागेल तिथे बोट ठेवा." मी डोळे मिटले. मनगटाला लागला, बोट ठेवलं. खांद्याला लागला, ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं तो काही लिहीत असेल.

"उघडा डोळे बाई. चट्ट्यावर चार वेळा टेकवला."

मी रडले नाही. रडायलाही धीर लागतो. डॉक्टरांनी येऊन पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, एकच चट्टा आहे, शीर सुजलेली नाही, सहा महिन्यांचं औषध. महिन्यातून एकदाच्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या, बाकीची गोळी रोज घरी. आज लघवी लाल होईल, घाबरू नका. शाळेत यायला काही हरकत नाही. मी पहिल्या गोळ्या तिथेच गिळल्या. मग त्या कर्मचाऱ्याने शिक्का मारून चिठ्ठी दिली. जळगावची नव्हती, आमच्याच आरोग्य केंद्राची होती. तिच्यावर लिहिलं होतं, घरातील सर्व व्यक्तींची तपासणी आवश्यक.

"ही नाही दाखवली तर?" मी विचारलं.

"औषध तुम्हाला मिळेलच. पण हा रोग घरात आणखी कुणाला असेल, तर त्याचे हात जातील ना बाई."

मी घरी आले. सकाळपासून शेतात गेलेल्या सासूबाई आता ओसरीवर कापसाच्या वाती वळत होत्या. मी पिशवी ठेवली, हातपाय न धुताच समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. दंड दाखवला. कागदातली ओळ मीच गाळली, हेही सांगितलं. चिठ्ठी पुढे ठेवली आणि आता त्या काय म्हणतील म्हणून खाली मान घालून बसून राहिले. आपली पेटी कुठे आहे, त्यात कोणत्या साड्या भरायच्या, इथपर्यंत माझं मन गेलं होतं.

चिठ्ठीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "घरना बठ्ठा लोकेसले बलायेल शे का यामा?"

"हो."

"मालेबी?"

"हो. तुम्हालाही."

त्यांनी उठून पुढचं दार लावून घेतलं. मला वाटलं, आता मारतील. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि पोलकं वर सरकवलं. कमरेच्या वर तळहाताएवढा फिकट चट्टा होता, कडेला लालसर, आणि बाजूला दोन छोटे.

"आठ वरीस व्हई गयात," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "त्या दिन दवंडी उनी तवय मी आयकत बशेल व्हतू. या रोगनं नाव लेतीन तर दखाडाले जासू, असं मनशी धरेल व्हतं. नानानी नावच लिधं नही."