पट्टीवरची लाल रेषा

द्रव नायट्रोजन दिसत नाही. झाकण काढलं की पिंपाच्या तोंडातून पांढरी वाफ येते, पण आत किती उरलाय ते वाकून बघून कळत नाही. त्यासाठी आमच्याकडे एक काळी प्लॅस्टिकची पट्टी आहे. ती तळापर्यंत सोडायची, थोडं थांबायचं, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत द्रव होता तिथपर्यंत पट्टीवर पांढरं दव गोठतं. अमरावतीच्या ज्या डेपोत मी भांडार सांभाळते, तिथून गावोगावच्या कृत्रिम रेतनाच्या कार्यकर्त्यांना वळूंच्या कांड्या जातात. कांड्या म्हणजे बारीक नळ्या, त्यात गोठवलेलं वीर्य. नायट्रोजन संपला की त्या मेल्या. वरून मात्र होत्या तशाच दिसतात.

पट्टीवर एक लाल रेषा आहे. दव त्या रेषेपर्यंत खाली आलं की त्याच दिवशी नागपूरला फोन करून टँकर मागवायचा. ही रेषा मी येण्याआधीपासून बरीच वर होती. कुणी मारली माहीत नाही, पण ज्यानं मारली त्यानं आमचा रस्ता पाहिलेला होता. टँकर कधी पाच दिवसांत येतो, कधी आठ. पुलाचं काम निघालं, वाटेत दुसऱ्या डेपोंनी थांबवलं, तर बारा दिवसही लागतात. रेषा त्या बारा दिवसांच्या हिशेबानं होती.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. त्यांचं म्हणणं असं, की नायट्रोजन रोज उडतो, वापरा नाहीतर नका वापरू. मग गरजेपेक्षा जास्त भरून ठेवायचा म्हणजे हवेलाच पोसायचं. त्यांनी मागच्या खेपांचे दिवस मांडले, सरासरी काढली, सात आली. सात दिवसांत जेवढा उडतो आणि कार्यकर्त्यांच्या डब्यांत जातो, तेवढा धरून तळाला चार बोटं ठेवली आणि रेषा खाली आणली. आमची आणि अकोल्याची, दोन्ही डेपोंची.

"साहेब, सरासरी सात म्हणजे कितीतरी खेपा सातच्या पुढच्याच आहेत ना," मी म्हटलं.

"आणि कितीतरी अलीकडच्या. बरोबरी होते."

"पाचव्या दिवशी आलेला टँकर बाराव्या दिवसाचा नायट्रोजन देऊन जात नाही," मी म्हटलं. ते हसले. माझी जीभ जरा तिखट आहे हे ऑफिसात सगळ्यांनी गृहीत धरलंय. त्यामुळे मी खरं बोलले तरी ते तिखटात जमा होतं.

आमच्या पिंपात एका केशरी भांड्यात सहा कांड्या वेगळ्या होत्या. त्या दर्यापूरकडच्या एका आबाजींच्या वळूच्या. शुभ्र, गवळाऊ जातीचा वळू. त्याची आई आबाजींच्या बायकोनं माहेरून, आर्वीकडून आणलेली. लग्नानंतर बरीच वर्षं ती बाई कुणाशी फार बोलायची नाही, त्या गायीशी बोलायची, असं आबाजी सांगायचे. गाय गेली, मग बाई गेली, मग वळूही म्हातारा होऊन गेला. जाण्याआधी त्याच्या थोड्या कांड्या तयार झाल्या होत्या, त्यातल्या या उरलेल्या. आबाजींकडे दुसरी एक गाय होती. तिच्या पोटी त्या वळूचं वासरू व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. दोनदा भरवली, दोनदा उलटली, गाभ राहिली नाही. गाय पुन्हा माजावर आली की ते जीपमध्ये दाटीवाटीनं बसून डेपोत यायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, आमचा पांढऱ्या बरा हाय ना?"

"बरा आहे, आबाजी. थंडीत बसलाय."

एवढ्यावर ते खूश व्हायचे.

त्या पावसाळ्यात दव रेषेला टेकलं त्याच दिवशी मी फोन केला. सातवा दिवस गेला. नागपूरवाले रोज म्हणायचे, निघालाय. मग म्हणाले, तळेगावजवळ टँकरचा पंप बिघडला, दुरुस्त होऊन उद्या पोचतो. उद्या येणाऱ्या टँकरसाठी कोण आपली गाडी नागपूरला पाठवतं? आम्ही थांबलो. एमआयडीसीत सिलिंडर मिळतात, पण त्यात वायू असतो, आम्हाला द्रव लागतो. मी रिकामं पिंप गाडीत टाकून अकोल्याला गेले. तिथल्या भांडारवाल्यानं बोलण्याआधी पट्टीच बुडवून दाखवली. दव जेमतेम तळाशी.

"मी तुमाले देऊ तं माह्या कांड्या कुठं ठिवू?" तो म्हणाला. "आमी बी त्याच टँकरची वाट पाहून राहिलो."

त्याचं बरोबर होतं. दोघांची रेषा एकाच सरासरीवर, दोघांचा टँकर एकच. अडचण आली तर शेजाऱ्याकडे जायचं, तर शेजारीही त्याच अडचणीत.

परत आल्यावर सगळ्या पिंपांतला उरलेला नायट्रोजन एका पिंपात ओतला, कांड्या त्यात दाटल्या, झाकण उघडायचं बंद केलं. साहेबांनी शेवटी स्वतःची गाडी नागपूरला पाठवली. पण ती परतायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, हवेत हलवली, ती काळीच राहिली. मी पुन्हा बुडवली. पुन्हा काळी.

केशरी भांड्यातली एक कांडी कोमट पाण्यात वितळवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. चांगल्या कांडीत नुसती लगबग असते. इथे सगळं स्थिर होतं. मी तिथेच बसून रडले, आणि रडताना मला साहेबांचा, टँकरचा, त्या रस्त्याचा भयंकर राग येत होता.

त्याच दिवशी दुपारी आबाजी आले. गाय माजावर आली होती. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मला नेहमीचं उत्तर देता आलं नाही. जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "मले पाहू द्या." टोपी काढून, एक डोळा मिटून ते बराच वेळ भिंगात बघत राहिले.

"काहून हालत नाई?"

साहेब बाहेर आले होते. ते हळूच म्हणाले, "बाहेर कार्यकर्ता आलाय, त्याच्या डब्यात दुसऱ्या चांगल्या वळूची कांडी जिवंत आहे, ती देतो, आबाजी. आपल्यातर्फे."

"गायीले कोनाचीबी चालते, साहेब," आबाजी म्हणाले. "मलेच चालत नाई."

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. टँकर. आबाजींनी उठून बाकडं बाजूला ओढलं, टँकरला मागे यायला जागा करून दिली. नळी जोडली, पांढरी वाफ फरशीवर पसरली, त्यांच्या चपलांपर्यंत आली.

"हे नव्या कांड्याइच्या कामी येईन ना?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"मंग भरा," ते म्हणाले. जाताना डब्यातली दुसऱ्या वळूची कांडी घेऊन तो कार्यकर्ता त्यांच्यासोबत गेला. गाय माजावर होती, तिला रिकामी ठेवणं त्यांना पटलं नाही.

साहेबांनी लाल रेषा स्वतःच्या हातानं वर नेली, पूर्वीपेक्षा दोन बोटं वर. आता जास्तीचा नायट्रोजन रोज उडतो आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. मी पट्टी हवेत हलवते, दव रेषेच्या वर दिसतं, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी आबाजींचा तो मिटलेला डोळा आठवतो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "बाई, गाय याली. कालवड हाय."

"छान झालं, आबाजी. कशी आहे?"

"चांगली हाय. धडधाकट हाय. दूध पेते." मग म्हणाले, "लाल हाय पन."